डावखुऱ्याचा बॉल मिडल स्टम्पवर, तरी नॉटआऊट?

प्रश्न: आझाद मैदानावर मॅच होती. आमचा डावखुरा मीडियम पेसर ओव्हर द विकेट टाकत होता. बॉल उजव्या बॅट्समनच्या पॅडवर बसला, मिडल स्टम्पच उडाला असता. अंपायर म्हणाले, 'टप्पा लेगच्या बाहेर.' स्टम्पवर जाणारा बॉल नॉटआऊट कसा?

उत्तर: तुमचे अंपायर बरोबर असण्याचीच शक्यता जास्त आहे. बॉल स्टम्पवर गेला असता का, हा पायचीतमधला शेवटचा प्रश्न. त्याआधी नो बॉल नाही ना, टप्पा कुठे पडला आणि बॉल अंगाला कुठे लागला, हे बघायचं असतं. यातलं एक जरी चुकलं तरी पुढचं बघायची गरजच उरत नाही.

तुमचाच बॉल घेऊ. डावखुरा ओव्हर द विकेट आला की त्याचा हात उजव्या बॅट्समनच्या लेग बाजूला असतो. बॉल सुटताना हात मिडल स्टम्पच्या रेषेपासून अर्धा मीटर लेगला आहे आणि तिथून समोरचे स्टम्प 19 मीटरवर आहेत असं धरा. स्विंग न होता बॉल सरळ मिडल स्टम्पवर जायचा असेल, तर स्टम्पपासून 7 मीटरवर, म्हणजे गुडलेंग्थला, तो अजून मिडलच्या 18 सेंमी लेगला असतो. तिन्ही स्टम्प मिळून रुंदी 22.86 सेंमी, म्हणजे मिडलपासून लेग स्टम्पची बाहेरची कड जेमतेम साडेअकरा सेंमी. टप्पा त्याच्याही बाहेर पडला, विषय संपला. तोच बॉल 4 मीटरवर पुढे टाकला असता तर टप्पा रेषेत आला असता. म्हणून या कोनातून विकेट मिळते ती पुढे टाकलेल्या बॉलवर, नाहीतर रेषेत पडून आत येणाऱ्या इनस्विंगवर. लेगच्या बाहेर टप्पा पडला की बॅट्समनने शॉट खेळला नाही तरी तो नॉटआऊटच. इथे बरेच जण हमखास गोंधळतात. ऑफच्या बाहेर पडलेल्या टप्प्याला मात्र 1930च्या दशकापासून मुभा आहे. आणि फुलटॉसला टप्पाच नसतो, त्यामुळे तिथे हा प्रश्न येत नाही.

आता बॉल लागला कुठे. बॅटला किंवा बॅट धरलेल्या हाताच्या ग्लोव्हला आधी लागला असेल तर पायचीत नाही. अंगाला दोन ठिकाणी लागला असेल तर पहिली जागा धरायची. ती जागा दोन्हीकडच्या स्टम्पच्या मधल्या पट्ट्यात हवी. ऑफ स्टम्पच्या बाहेर लागला आणि बॅट्समन खरोखर खेळायचा प्रयत्न करत होता, तर तो वाचतो. बॅट पॅडच्या मागे लपवून नुसता पाय पुढे टाकला असेल, तर तो प्रयत्न धरला जात नाही आणि ऑफच्या बाहेर लागूनही आऊट देता येतं.

अंगाला किती उंचीवर लागला, याला नियमात बंधन नाही. 1999च्या ॲडलेड कसोटीत मॅग्राचा बॉल उसळला नाही, खाली वाकलेल्या सचिनच्या खांद्याला लागला आणि अंपायरने आऊट दिलं. त्यावर आजही वाद होतो, पण वादाचा खरा मुद्दा एकच: तो बॉल स्टम्पवरून गेला असता की स्टम्पवर आदळला असता?

हा शेवटचा प्रश्नच सगळ्यात अवघड. बॉल लागण्याआधी ज्या मार्गाने येत होता, त्याच मार्गाने पुढे गेला असता असं धरायचं. फुलटॉस असेल तर पुढे टप्पा पडून वळला असता का, हा विचारच करायचा नाही. अडचण अंतराची असते. क्रीज स्टम्पपासून 1.22 मीटरवर आहे. बॅट्समनने मोठं पाऊल टाकलं की पॅड सव्वादोन मीटरवर जातं. तिथे बॉलच्या दिशेचा अंदाज तीन अंशांनी चुकला, तर स्टम्पपाशी चूक होते जवळजवळ बारा सेंमी, म्हणजे अर्धी विकेट. शिवाय टप्पा पडून बॉल वीतभर गेल्यावरच पॅडवर लागला असेल, तर तो किती वळतोय, किती उसळतोय हे दिसायला वावच नसतो. म्हणून पाय पुढे असला की अंपायर सहसा बोट वर करत नाहीत, आणि मला ते योग्य वाटतं. पावसाळ्यात कांगा लीगच्या ओल्या पिचवर बॉल खाली राहिला तर उंचीची शंका कमी होते, बाजूची शंका तेवढीच राहते.

टीव्हीवर दिसतं ते 'अंपायर्स कॉल' बॉल कुठे लागला आणि स्टम्पवर गेला असता का, या दोनच गोष्टींना असतं. टप्प्याला ते नाही. तिथे बॉलचा अर्ध्याहून जास्त भाग रेषेत हवा.

बॉलर स्वतः बाजूला असतो, त्यामुळे टप्पा रेषेत होता की नाही हे त्याला नीट दिसत नाही. नेटमध्ये दोन्हीकडच्या लेग स्टम्पच्या बाहेरच्या कडा जोडणारी चुन्याची रेघ मारा, कोणाला तरी अंपायरच्या जागी उभं करा आणि तुमच्या पेसरला नेहमीच्या लेंग्थला टाकू द्या. रेघेच्या लेग बाजूला किती टप्पे पडतात ते मोजा. मग त्याने क्रीजवर स्टम्पच्या जवळून टाकून बघावं. हात 50ऐवजी 30 सेंमीवर आला तर तोच 7 मीटरचा टप्पा मिडलपासून 11 सेंमीवर, म्हणजे रेघेच्या आत पडतो.