एकमेकांना सेवा देणाऱ्या विभागांचा खर्च कसा वाटायचा?

प्रश्न: देखभाल विभाग भांडाराला सेवा देतो आणि भांडार देखभाल विभागाला, मग यांचा ओव्हरहेड खर्च उत्पादन विभागांवर कसा टाकायचा?

उत्तर: दोन्ही विभागांचा एकूण खर्च आधी समीकरणांनी काढावा. समजा, देखभालीचा मूळ खर्च 26,000 रुपये व भांडाराचा 17,000 रुपये आहे. देखभाल आपल्या सेवेपैकी 50% अ विभागाला, 40% ब विभागाला व 10% भांडाराला देते, तर भांडार 30% अ ला, 50% ब ला व 20% देखभालीला देते.

द = 26,000 + 0.2भ
भ = 17,000 + 0.1द

यावरून द = 30,000 आणि भ = 20,000 येतात. अ वर 15,000 + 6,000 = 21,000 आणि ब वर 12,000 + 10,000 = 22,000 रुपये पडतात; बेरीज मूळ 43,000 रुपयांइतकीच भरते.

विद्यार्थी चुकतात ते इथेच: द आणि भ काढल्यावर सेवा विभागांचे टक्के वगळून 30,000 रुपये 50:40 या प्रमाणात आणि 20,000 रुपये 30:50 या प्रमाणात, म्हणजे पूर्णच, उत्पादन विभागांत वाटतात. मग बेरीज 50,000 येते, कारण परस्परांकडे गेलेले 7,000 रुपये दुसऱ्यांदा मोजले जातात. म्हणून शेवटची बेरीज मूळ खर्चाशी अवश्य ताडून पाहावी. सेवा विभाग तीन-चार असतील, तर हाताने समीकरणे सोडवण्यापेक्षा रकमा नगण्य होईपर्यंत पुनःपुन्हा वाटप करणे मला सोपे वाटते. उत्तर तेच येते.