लॅपटॉपने मान टाकली त्या दिवशी

दुकानाच्या काउंटरवर बिलं करायला लॅपटॉप घेतोयस, तर माझी फजिती ऐक. ऐन गर्दीत निम्म्या बिलावर स्क्रीन गोठली. बंद करून परत चालू केला, तर समोर No bootable device, म्हणजे सुरू व्हायला डिस्कच सापडेना. आठवडाभर हार्डडिस्क कट-कट करत होती, मी कानाडोळा केला. बॅकअप होता म्हणा, पण डी ड्राइव्हवर, म्हणजे त्याच डिस्कवर! दिवसभर हाताने बिलं फाडली.

नंतर लॅपटॉप घेतलाच नाही. छोटा डेस्कटॉप घेतला, ८ जीबी रॅम, हार्डडिस्कऐवजी एसएसडी आणि सोबत यूपीएस. कीबोर्ड बिघडला तर तेवढाच बदलता येतो. एसएसडी मात्र न वाजताच जाते, म्हणून रोज दुकान बंद करताना बॅकअप पेनड्राइव्हवर घेतो आणि महिन्यातून एकदा घरच्या कॉम्प्युटरवर उघडून बघतो.