ऑटोकॅडमध्ये निर्देशांक टाइप करणे: तेच आकडे, वेगळी रेषा का?

प्रश्न: «LINE आज्ञेत 50,50 नंतर 120,0 टाइप केले की माझी रेषा सरळ उजवीकडे जाते, मित्राच्या संगणकावर मात्र तिरकी खाली उतरते. @ कधी लावायचे? आणि माउसने क्लिक केले तर काय बिघडते?»

फरक डायनॅमिक इनपुटचा आहे. ते चालू असताना कर्सरजवळच्या चौकटीत टाइप केलेला दुसरा आणि पुढचा प्रत्येक बिंदू, नेहमीच्या सेटिंगमध्ये, आधीच्या बिंदूपासून मोजला जातो, म्हणजे @ आपोआप लागते. त्यामुळे तुमची रेषा १७०,५० वर पोहोचली. मित्राकडे ते बंद असावे. तेथे 120,0 हे मूळबिंदूपासून मोजले गेले आणि ५०,५० वरून निघालेली रेषा खाली उतरली. `F12` दाबून ही सोय चालू-बंद होते. चालू असताना मूळबिंदूपासूनचे निर्देशांक हवे असतील, तर चौकटीत आकड्यांआधी # टाइप करावे. शिकण्याच्या काळात मी ती बंद ठेवण्याचा सल्ला देतो, कारण मग @ लावायचे की नाही हे आपणच ठरवतो आणि चूक कुठे झाली ते आपल्याला कळते.

आता एक पट्टी काढून पाहू. रुंदी १२०, उंची ८०, आणि उजवा वरचा कोपरा तिरका कापलेला. ती तिरकी कड ६० लांब असून आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करते. डायनॅमिक इनपुट बंद ठेवून ओळीने हे टाइप करा:

```
LINE
50,50
@120,0
@0,50
@60<150
50,130
C
```

तिरक्या कडेसाठी ध्रुवीय पद्धत वापरली आहे: आधी लांबी, मग < आणि कोन. नकाशावर ३० अंश लिहिलेले असल्यामुळे बहुतेक जण `@60<30` टाइप करतात आणि रेषा पट्टीच्या बाहेर, उजवीकडे जाते. ऑटोकॅड मूळ सेटिंगमध्ये कोन उजवीकडच्या आडव्या दिशेपासून घड्याळाच्या उलट दिशेने मोजतो. आपली कड वर चढत डावीकडे जात असल्याने कोन १८० उणे ३०, म्हणजे १५० होतो.

पाचव्या बिंदूला मात्र मी @ सोडून थेट निर्देशांक दिले, आणि या पद्धतींमधून निवड का करायची हे मला येथेच सर्वांत स्पष्ट दिसते. तिरक्या कडेचे टोक ११८.०३८५ च्या आसपास पडते, म्हणून वरच्या कडेची लांबी ६८.०३८५ येते. परिमाण दोन दशांश स्थळांपर्यंत दिसत असेल तर आपण ६८.०४ वाचतो आणि `@-68.04,0` टाइप करतो. डावा कोपरा तेव्हा ४९.९९८५ वर जातो आणि बंद होणारी कड अगदी किंचित कलते. डोळ्यांना ते दिसत नाही, दोन दशांशांच्या परिमाणातही दिसत नाही. परंतु त्या कडेवर `LIST` चालवले आणि दर्शवण्याची अचूकता चार दशांशांवर असली, की Delta X शून्याऐवजी 0.0015 दाखवते. डावा कोपरा ५०,१३० वर आहे हे आपल्याला आधीच नेमके ठाऊक आहे. मग स्थूलमानाने घेतलेल्या लांबीवर विसंबण्याचे कारण नाही.

आधीच्या बिंदूपासून मोजण्याचा एक उपयोग फारसा कोणी सांगत नाही. खालच्या डाव्या कोपऱ्यापासून २० उजवीकडे आणि १५ वर भोक हवे असेल, तर `ID` देऊन तो कोपरा ऑब्जेक्ट स्नॅपने टिपावा, मग `CIRCLE` देऊन केंद्रासाठी `@20,15` टाइप करावे. `ID` ने टिपलेला बिंदू शेवटचा बिंदू म्हणून लक्षात राहतो आणि @ त्याच्यापासूनच मोजते. मदतीच्या रेषा काढून नंतर पुसाव्या लागत नाहीत.

माउसच्या क्लिकविषयी माझा आग्रह एवढाच आहे की स्नॅप नसलेल्या क्लिकने माप ठरवू नये. पडद्यावर कर्सर १२० च्या जवळ दिसतो तेव्हा रेषा ११९.८७ चीही असू शकते, आणि पुढे त्या टोकावर बांधलेले सर्व काही तीच चूक वाहत नेते. जेथे संख्या ठाऊक आहे तेथे ती टाइप करावी. पण जेथे बिंदू रेखाटनात आधीच आहे, उदाहरणार्थ त्या तिरक्या कडेचे टोक, तेथे एंडपॉइंट स्नॅपचा क्लिकच अधिक अचूक आहे, कारण तो ११८.०३८५ च्या पुढचे दशांशही जसेच्या तसे घेतो. सरळ आडव्या-उभ्या कडांसाठी `F8` ने ऑर्थो चालू करून माउसने केवळ दिशा दाखवावी आणि लांबी टाइप करावी. तेथे @ किंवा कोन लिहिण्याची गरजच पडत नाही.