पेट्रोलवरच्या केंद्राच्या करातलं महाराष्ट्राला किती मिळतं?

प्रश्न: कोल्हापुरात पेट्रोल भरताना आपण केंद्राला जो कर देतो, त्यातला वाटा राज्याला परत मिळतो ना?

मिळतो, पण फारच थोडा. मे 2022 ते एप्रिल 2025 या काळाचा हिशोब बघा. तेव्हा लिटरमागे केंद्राचं उत्पादन शुल्क 19 रुपये 90 पैसे होतं. त्यातलं मूळ शुल्क फक्त 1 रुपया 40 पैसे, बाकी सगळा उपकर आणि अधिभार. राज्यघटनेच्या कलम 270 नुसार उपकर-अधिभार वाटपात येतच नाहीत. खरी मेख इथंच आहे.

पंधराव्या वित्त आयोगाने (2021-26) वाटपयोग्य रकमेतले 41 टक्के सगळ्या राज्यांना मिळून दिले. म्हणजे 1 रुपया 40 पैशांतले सुमारे 57 पैसे. त्यात महाराष्ट्राचा हिस्सा 6.317 टक्के, म्हणजे लिटरमागे जेमतेम साडेतीन पैसे. हिस्सा ठरवताना सर्वाधिक भार, 45 टक्के, दरडोई उत्पन्नातल्या तफावतीला होता. त्यामुळे बिहारला आपल्यापेक्षा जास्त मिळतं, आणि मला तरी त्यात गैर वाटत नाही. उपकराचं मात्र पटत नाही.

त्याच पावतीतला व्हॅट पूर्ण राज्याचा, त्यात केंद्राचा वाटा नाही.