कापसाचे पैसे एफडीत टाकताय? आधी चक्रवाढ समजून घ्या

भाऊ, कापसाचे ५०,००० एफडीत टाकायचे म्हणताय ना, मग फॉर्म्युला राहू द्या, नुसता हिशोब बघा. समजा दर ८ टक्के आणि मुदत ३ वर्ष. पहिल्या वर्षी व्याज ४,०००, झाले ५४,०००. आता दुसऱ्या वर्षी व्याज ५४,००० वर लागतं, म्हणजे ४,३२०, झाले ५८,३२०, आणि तिसऱ्या वर्षी ४,६६५ धरून साधारण ६२,९८५. सरळ व्याजात ६२,०००च झाले असते. हे वरचे ९८५ म्हणजे व्याजावरचं व्याज, बस. बँका बहुतेक दर तीन महिन्यांनी व्याज मुद्दलात जोडतात, म्हणजे दर वेळी २ टक्के असं १२ वेळा, मग तेच ६३,४१२ पर्यंत जातं.

नवीन माणूस चुकतो तो फॉर्मवर. मीपण चुकलेलो, ‘क्वार्टरली पेआउट’वर टिक केली, व्याज दर तीन महिन्यांनी सेव्हिंग खात्यात येत गेलं आणि किराण्यात गेलं, चक्रवाढ झालीच नाही! तुम्ही ‘क्युम्युलेटिव्ह’ सांगा, म्हणजे व्याज हातात न येता मुद्दलातच जोडलं जातं.

काउंटरवर हे शब्द कानावर पडतील:
- प्रिन्सिपल: मुद्दल
- रेट ऑफ इंटरेस्ट: व्याजदर, वर्षाचा असतो
- टेन्युअर: मुदत
- मॅच्युरिटी अमाउंट: शेवटी हातात येणारी रक्कम, पावतीवर छापलेली असते, आपल्या हिशोबाशी ताडून बघा, पेआउट निवडलं असेल तर तिथे मुद्दलच दिसेल
- प्रीमॅच्युअर विथड्रॉवल: मुदतीआधी मोडणं, यात व्याज कमी मिळतं
- नॉमिनी: आपल्या पश्चात बँकेकडून पैसे घ्यायला लावलेलं नाव, ही जागा कोरी सोडू नका