होल्डमध्ये कंबर सांभाळ

अरे, विमानात सामान भरताना माझी कंबर गेली ती ३१ किलोच्या बॅगेनं. एका नगाला ३२ किलोची मर्यादा, म्हणजे बॅग नियमातच होती. पण बोइंग ७३७ च्या होल्डमध्ये, म्हणजे पोटातल्या सामानाच्या जागेत, उभं राहता येत नाही. गुडघ्यांवर बसून बेल्ट लोडरवरून बॅग ओढली आणि तसाच कमरेतून वळून मागे फेकली. कट्कन आवाज, पायापर्यंत कळ. ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं ते उभ्यानं उचलणं. इथं त्याचा काय उपयोग?

तू आधी ‘हेवी’ टॅग बघ. गुडघ्यांसकट अख्खं अंग वळव, बॅग सरकव, जड नगाला जोडीदार घे. बेल्टचं टोक दाराच्या उंबऱ्याच्या उंचीला नीट आलेलं नसेल तर आधी ते लावून घे. पायात मुंग्या आल्या तर त्याच शिफ्टला लेखी नोंद कर. मी दोन दिवस थांबलो, मग कोणी मानेना.