दहावीच्या निरोप समारंभासाठी मुलांना दाखवायला प्रेरणादायी भाषणाचा व्हिडिओ करायचा आहे. स्क्रिप्ट कशी लिहावी? कुणाकडे तयार असेल तर द्याल का?

तयार स्क्रिप्ट देणार नाही. कारण एकदा मी स्वतःच तशी तयार छापाची लिहिली होती आणि तिचं काय झालं ते अजून विसरले नाही.

फेब्रुवारी 2023. मी दहावी ब ची वर्गशिक्षिका. निरोप समारंभाच्या आठ दिवस आधी स्कूटीवरून पडले, घोट्याला प्लास्टर. शाळेत जाता येणार नाही म्हणून ठरलं की बाईंचं भाषण व्हिडिओवर दाखवायचं. मी रात्री बसून फुलस्केपचे पाच कागद भरले. दरवर्षी स्टेजवर बोलते तेच: विद्यार्थी मित्रांनो, आज आपण इथे जमलो आहोत, वेलीवरची फुलं, गरुडभरारी, ध्येय, जिद्द. मुलाने समोर मोबाइल धरला, मी कागद वाचून काढले. अकरा मिनिटं झाली. ते आमच्या सांस्कृतिक विभागाच्या सरांकडे गेलं, त्यांनी त्याखाली बासरी लावली आणि अधूनमधून सुविचाराच्या पाट्या टाकल्या.

समारंभाचं रेकॉर्डिंग मला नंतर बघायला मिळालं. आमचा हॉल पत्र्याचा, खिडक्यांना पडदे नाहीत, दुपारचे बारा. प्रोजेक्टरवर माझा चेहरा धुतलेल्या कपड्यासारखा पांढरा, पाट्या तर कुणालाच वाचता आल्या नाहीत. बासरी आणि माझा आवाज पत्र्यावर आपटून एकमेकांत मिसळलेले. माझे डोळे सारखे डावीकडून उजवीकडे, कारण कागद मोबाइलच्या बाजूला धरला होता. आणि 'आज आपण इथे जमलो आहोत' म्हणताना मी घरी पलंगावर, मागे औषधांची पिशवी. पोरं हसली. मीही हसले असते.

पण खरी गोष्ट पुढे आहे. 2 जूनला निकाल लागला. माझ्या वर्गातली एक मुलगी गणितात राहिली. मागच्या बाकावर बसणारी, अक्षर सुंदर, कधी कुणाच्या अध्यात ना मध्यात. ती आठवडाभर शाळेकडे फिरकली नाही. शेवटी मीच कुबडी घेऊन तिच्या घरी गेले. बोलता बोलता ती म्हणाली, "बाई, निकालाच्या रात्री मी तुमचा व्हिडिओ परत लावला. त्यात माझ्यासारख्यांसाठी काहीच नव्हतं."

अकरा मिनिटांत माझ्याकडे गरुड होता, मुंगी होती, कोळी होता. गणितात राहिलेल्या मुलीने सकाळी उठून कुठे जायचं, हे नव्हतं.

तोपर्यंत मला वाटायचं की व्हिडिओ म्हणजे स्टेजवरचं भाषण, फक्त पडद्यावर. तसं नाही. स्टेजवरचं भाषण टाळ्यांबरोबर संपतं. व्हिडिओ वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पडून राहतो आणि पोरं तो निकालाच्या दिवशी पुन्हा उघडतात, पास झालेली मजा म्हणून आणि नापास झालेली एकटी बसून. म्हणून स्क्रिप्ट त्या दुसऱ्या वेळेसाठी लिहायची. समारंभात काय, मुलं तशीही रडायच्या आणि सेल्फीच्या मूडमध्ये असतात.

पुढच्या वर्षी पाय बरा होता, तरी मी मुद्दाम व्हिडिओच केला. आधी लांबी ठरवली: चार मिनिटं. कॅमेऱ्यासमोर मी मिनिटाला साधारण 110 शब्द बोलते, हे आदल्या वर्षीच्या कागदांवरून मोजलं होतं. म्हणजे सगळे मिळून साडेचारशेच्या आत. तुम्ही तुमचा वेग मोजा, एक परिच्छेद घड्याळ लावून मोठ्याने वाचला की कळतो. मग वहीचं पान उभं दुमडून दोन रकाने केले. डावीकडे पडद्यावर काय दिसणार, उजवीकडे कानावर काय पडणार. भाषणात हा डावा रकाना नसतो, आणि तो रिकामा राहिला की व्हिडिओ म्हणजे नुसतं बोलणारं डोकं होतं. उजव्या रकान्यातला मजकूर पन्नासेक शब्दांच्या तुकड्यांत तोडला. एक तुकडा पाठ करायचा, कागद खाली ठेवायचा, मोबाइलच्या भिंगाकडे बघून बोलायचं, थांबायचं, मग पुढचा. चुकलं तर तेवढाच तुकडा पुन्हा. दोन तुकड्यांच्या जोडावर शाळेचं एखादं दृश्य टाकलं की जोड दिसत नाही. डोळे फिरण्याचा प्रश्नच संपला.

सुरुवात अशी होती:

दिसतं: सकाळची रिकामी शाळा. शिपाईकाका घंटेचा टोल देतात.
ऐकू येतं: (फक्त टोल.)

दिसतं: दहावी ब चा वर्ग. तिसऱ्या रांगेतलं शेवटचं बाक, त्यावर करकटकने कोरलेली नावं.
ऐकू येतं: "हे बाक कुणी कोरलं ते मला माहीत आहे. वर्षभर बोलले नाही, आजही नाव घेत नाही. पुढच्या वर्षी इथे दुसरं कुणी बसेल आणि विचारेल, हे कोण होते?"

हॉलमध्ये इथे जो आरडाओरडा झाला तो गरुडाला कधी झाला नव्हता. म्हणून म्हणते, तयार स्क्रिप्ट मागू नका. तुमच्या शाळेचं बाक माझ्या स्क्रिप्टमध्ये कुठून येणार?

मधले दोन तुकडे त्या वर्गाचे होते, स्नेहसंमेलनात पडदा अडकला तो किस्सा वगैरे. ते सांगत बसत नाही. भांडण झालं ते शेवटून दुसऱ्या तुकड्यावर:

दिसतं: मी, खुर्चीत. मागे शाळेचं ऑफिस, दार उघडं.
ऐकू येतं: "हा भाग आज तुमच्यासाठी नाही. निकाल लागल्यावर ज्याला हा व्हिडिओ एकट्याने बघावासा वाटेल, त्याच्यासाठी आहे. एखादा विषय राहिला ना? या दारातून आत ये. फेरपरीक्षेचा फॉर्म इथूनच भरायचा आहे. कुणी काही विचारणार नाही. मी विचारीन, पण चहा झाल्यावर."

सांस्कृतिकवाल्या सरांनी हे वाचलं आणि वही मिटली. म्हणाले, "मॅडम, निरोपाच्या दिवशी नापासाचं नाव? अशुभ बोलू नका. मुलांना प्रेरणा द्यायची असते." मी म्हटलं, सर, प्रेरणा पहिल्या नंबरवाल्याला देऊन काय करू, तो माझ्याशिवाय पहिला येतोय. आपल्या बोर्डाची निकालानंतर लगेच फेरपरीक्षा असते. एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीला तात्पुरता प्रवेश मिळतो, वर्ष जात नाही. हे आपल्याला पाठ आहे. ज्याच्या घरात पहिल्यांदाच कुणी दहावीपर्यंत पोचलंय त्या घराला कोण सांगणार? निकालाच्या दिवशी त्या घरात सगळं संपल्यासारखंच वाटतं. सर म्हणाले, मग नोटीस लावा, भाषणात कशाला. मुख्याध्यापिकांनी दोघांचं ऐकलं आणि तुकडा ठेवला.

सरांचं एक म्हणणं मात्र बरोबर निघालं, नाइलाजाने मान्य करते. माझ्या पहिल्या खर्ड्यात त्या तुकड्यात एटीकेटीचे नियम, फॉर्म कधी सुटतात, गुणपडताळणी, झेरॉक्स कॉपी असं सगळं कोंबलं होतं. ते म्हणाले, हे परिपत्रक झालं. खरंच झालं होतं. शिवाय असली माहिती व्हिडिओत शिळी होते. 2023 ला निकाल 2 जूनला लागला, 2024 ला 27 मे ला, 2025 ला तर 13 मे ला. मी स्क्रिप्टमध्ये 'जूनमध्ये निकाल लागला की' असं लिहिलं असतं तर दोन्ही वर्षी खोटी पडले असते. 2025 पासून अकरावीचे प्रवेशही राज्यभर ऑनलाइन झाले. म्हणून आता नियम, तारखा, हॉल तिकीट, पेपरला किती आधी पोचायचं हे सगळं वेगळ्या मेसेजमध्ये जातं. व्हिडिओत फक्त दार: कुठे यायचं आणि तिथे कोण भेटेल. 'उद्या', 'परवा', 'येत्या सोमवारी' हे शब्दही लाल पेनाने खोडते.

आणि वाक्यं बोलायची लिहा, निबंधाची नाही. 'आपण सर्वांनी आपल्या उज्ज्वल भवितव्याकरिता' हे पत्र्याच्या हॉलमध्ये भवितव्यापर्यंत पोचतच नाही, आधीच घुमतं. छोटं वाक्य, मग एक श्वास. लिहिलेलं शेजारच्या खोलीतल्या माणसाला मोठ्याने ऐकवा. जिथे तो 'काय?' म्हणेल ते वाक्य तोडा.

त्या 2024 च्या वर्गात तिघं राहिली. दोघं पहिल्या तीन दिवसांत आपणहून ऑफिसात आली. सर म्हणतात, ती तशीही आली असती. असेलही. माझ्याकडे पुरावा नाही. तिसऱ्याच्या घरी जावंच लागलं. 2023 ची ती मुलगी जुलैच्या फेरपरीक्षेत गणितात पास झाली, आता पुढे शिकतेय. त्यात माझ्या व्हिडिओचा काही वाटा नाही, तो तर तिला उपयोगी पडलाच नव्हता.

थोडं राहिलं. घरी रेकॉर्ड करताना पंखा बंद करा, तो कानाला ऐकू येत नाही पण मोबाइलला येतो. मोबाइल आडवा धरा. हॉलमध्ये लावायची फाइल पेनड्राइव्हवर न्या. व्हॉट्सअॅपनेच पाठवायची वेळ आली तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तिचा दर्जा उतरतो. आदल्या दिवशी त्याच वेळेला, त्याच उन्हात, त्याच स्पीकरवर एकदा लावून शेवटच्या रांगेत बसून बघा. मुलांचे चेहरे घेणार असाल तर पालकांना आधी विचारा. आणि हे सगळं मराठी माध्यमाच्या, तालुक्याच्या शाळेचं सांगतेय. तुमच्या शाळेत नापास कुणी होतच नसेल तर तो तुकडा मनासारखं कॉलेज न मिळालेल्यासाठी लिहा, पण कुणासाठी तरी लिहा.

संगीत बोलण्याच्या खाली लावू नका. तुमच्याकडेही कुणी सर बासरीसाठी अडून बसले तर ती शेवटी, मुलांची नावं सरकतात तिथे टाका. आमच्या सरांना मी तेवढी वीस सेकंदं दिली आहेत.